'अ लॉट ऑफ' गणपती

पेणपासून रोह्यापर्यंत जो कोणी पीएचडीच्या वाटेला लागतो, त्याच्या फायलीत एक झेरॉक्स हमखास सापडते. मधोमध उभी रेघ, डावीकडे न लिहायचे इंग्रजी शब्द, उजवीकडे लिहायचे. डावीकडे 'अ लॉट ऑफ', उजवीकडे 'न्यूमरस'. डावीकडे 'गेट', उजवीकडे 'ऑब्टेन'. डावीकडे 'लुक इन्टू', उजवीकडे 'इन्व्हेस्टिगेट'. हा कागद मुळात कोणी केला ते कोणालाच ठाऊक नाही. झेरॉक्सची झेरॉक्स होत होत 'ऑब्टेन'मधला शेवटचा एन आता एमसारखा दिसू लागलाय. त्यामुळे जागोजागी 'ऑब्टेम' छापलेला एक निबंधही माझ्या हातून गेला आहे.

मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर, मुक्काम रोहा. निवृत्त झाल्याची बातमी गावात पोचली त्याच आठवड्यात पहिला निबंध घरी आला. "सर, आत बघू नका, फक्त इंग्रजी बघा," असं म्हणून लोक कागद ठेवून जातात. आत न बघता इंग्रजी कसं बघायचं, हे मला अजून कळलेलं नाही. निबंध जिथे पाठवलेला असतो तिथल्या परीक्षकाने एक ओळ लिहून तो परत धाडलेला असतो: भाषा फार अनौपचारिक आहे. मग झेरॉक्स बाहेर निघते आणि डावीकडचे शब्द उजवीकडच्या शब्दांनी सपासप कापले जातात.

खरं तर बोलायचे शब्द वेगळे आणि लिहायचे वेगळे, हे मराठी माणसाला शिकवायची गरज नाही. 'आमच्या मुलाचं लग्न आहे, जेवायला या' एवढंच छापलेली पत्रिका कोणाला आली आहे का? स्टेशनात आपण प्लॅटफॉर्मवर उभे असतो आणि गाडी मात्र फलाटावर येते. आमच्या रायगडाला तर शब्द बदलण्याची परंपरा चांगली तीनशे वर्षांहून जुनी. शिवाजी महाराजांनी फारसी कारभारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. पण तो करणाऱ्या पंडितांना एका शब्दामागे कुठलं खातं, कुठला हुद्दा आणि कुठली वस्तू आहे हे पक्कं माहीत होतं. आमच्या झेरॉक्समागे तसं कोणी नाही. एका शब्दासमोर एकच शब्द, आणि तो कुठेही चालेल असा भरवसा.

माझी भाची पेणला असते. तिचा विषय वाणिज्यातला, पण सगळा मालमसाला गणपतीच्या कारखान्यांचा: पेण, हमरापूर, जोहे, तांबडशेत. शाडू कुठून येतो, प्लास्टरचे भाव काय, कच्च्या मूर्ती न रंगवता बाहेरगावी कोणाला जातात, उधारी कधी वसूल होते. काम चांगलं होतं. पायपीट केलेली दिसत होती. निबंधाचं पहिलं वाक्य मात्र मराठीत आणलं तर असं होतं: 'हमरापुरात खूप कारखाने आहेत, त्यांना दिवाळीनंतर खूप ऑर्डरी मिळतात, पण कारागिरांना पैसे कमी मिळतात, म्हणून आम्ही यात लक्ष घातलं.' इंग्रजीत दोन 'अ लॉट ऑफ', दोन 'गेट', एक 'लुक इन्टू'. परीक्षकाने खुणा केल्या आणि भाचीने झेरॉक्सप्रमाणे उपाय केला. मग पुढचं इंग्रजी असं झालं की न्यूमरस कारखाने न्यूमरस ऑर्डरी ऑब्टेन करतात, कारागीर मात्र लेस मनी ऑब्टेन करतात, आणि आम्ही ते इन्व्हेस्टिगेट केलं. कारखानदार जणू रात्रीच्या अंधारात जाऊन ऑर्डरी हस्तगत करतात आणि भाची पोलीस घेऊन मागावर आहे.

"मामा, आता तरी झालं ना फॉर्मल?"

"झालं. पण खूप म्हणजे किती कारखाने?"

"खूपच आहेत रे. न्यूमरस."

इथेच सगळी गोम आहे. 'अ लॉट ऑफ' या शब्दांवर परीक्षकांचा राग असतो तो ते गावंढळ आहेत म्हणून नव्हे. त्यांच्या जागी आकडा असायला हवा होता आणि तो नाही, म्हणून. 'न्यूमरस' लिहिल्याने आकडा येत नाही, फक्त त्याची गैरहजेरी जरा भारदस्त होते. हमरापूरच्या कुठल्याही कारखान्यात विचारा: तडा गेलेल्या मूर्तीवर रंग चढवला तर सुकल्यावर तडा पुन्हा दिसतो, वर रंगाचे पैसे जातात ते वेगळेच.

भाचीच्या प्रश्नावल्या कपाटात पडून होत्या. समजा तिने चाळीस कारखान्यांत प्रश्न विचारले आणि सत्तावीस जणांनी सांगितलं की निम्म्याहून जास्त ऑर्डरी दिवाळी ते होळी या काळात ठरतात. तर वाक्य एवढंच लिहायचं: पाहणी केलेल्या 40 कारखान्यांपैकी 27 कारखान्यांत असं घडतं. यात एकही अवघड शब्द नाही. सातवीतला मुलगा वाचू शकेल, आणि जगातला कुठलाही परीक्षक याला अनौपचारिक म्हणणार नाही. आकडा नसेलच तर मात्र शब्द तोलून घ्यावा लागतो. 'न्यूमरस' मोजता येणाऱ्या वस्तूंनाच चालतो. न्यूमरस मूर्ती चालतील, न्यूमरस शाडू चालणार नाही. शाडूला 'अ लार्ज अमाउंट ऑफ' किंवा 'कन्सिडरेबल' लागतं, आणि त्याहून बरं म्हणजे पोती मोजावीत. 'मेजॉरिटी' लिहिलं तर निम्म्याहून एक तरी जास्त हवा. 'प्लेथोरा' हा शब्द आपल्याकडे विपुलतेचं कौतुक म्हणून वापरतात, पण त्यात 'नको इतकं' अशी छटा आहे. 'पेणमध्ये कारागिरांचा प्लेथोरा आहे' असं लिहून आपण अर्ध्या गावाला घरी बसायला सांगतो, हे लिहिणाऱ्याच्या गावीही नसतं.

मराठी लेखकाची खास अडचण 'रिसर्च'ची. आपल्याला 'अनेक संशोधनं झाली' हे सहज सुचतं, म्हणून आधी 'अ लॉट ऑफ रिसर्चेस' येतं आणि झेरॉक्सच्या कृपेने त्याचं 'न्यूमरस रिसर्चेस' होतं. इंग्रजीत रिसर्च सहसा पाण्यासारखा वाहतो, नगावर मोजत नाहीत. मोजायचे ते 'स्टडीज'. 'इन्फर्मेशन', 'इक्विपमेंट', 'फीडबॅक' यांचीही तीच जात. यांच्या शेपटीला एस लावला की परीक्षक पुढची दोन पानं संशयाने वाचतो.

सगळ्यांत घातक पर्याय म्हणजे 'सिग्निफिकंट'. झेरॉक्सवर 'अ लॉट ऑफ'समोर कोणीतरी पेनने तो नंतर वाढवलेला आहे. दिसायला देखणा, ऐकायला विद्वान. पण आकडेवारीच्या निबंधात या शब्दाला ठरलेली नोकरी आहे: तुम्ही सांख्यिकी चाचणी लावली आणि दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा मानणं कठीण आहे असं निघालं, तरच तो वापरायचा. भाचीने एका ठिकाणी 'सिग्निफिकंट नंबर ऑफ आर्टिझन्स' लिहिलं होतं. परीक्षकाने समासात विचारलं, कोणती चाचणी? ती म्हणाली, "मामा, मी तर फक्त खूप म्हणत होते." तिला 'खूप'च म्हणायचं होतं, आणि त्याला काई-स्क्वेअर हवा होता.

झेरॉक्स संपली की माणूस माउसचं उजवं बटण दाबतो. कॉम्प्युटर समानार्थी शब्दांची यादी काढून देतो, आणि तिथून खरा उत्सव सुरू होतो. भाचीच्या दुसऱ्या खर्ड्यात 'रबर मोल्ड' होता, म्हणजे मूर्तीचा रबरी साचा. इंग्रजीत साचा आणि बुरशी या दोन्हींना मोल्ड म्हणतात. यादीतून तिने जरा वजनदार शब्द निवडला आणि पेणच्या मूर्ती एका रात्रीत रबरी बुरशीतून निघू लागल्या. कच्च्या मूर्ती, म्हणजे 'रॉ आयडल्स', 'अनकुक्ड' झाल्या. मी ते वाचून दाखवल्यावर भाची हसली, मग गप्प झाली आणि म्हणाली, "पण मामा, सॉफ्टवेअरला पकडलं जाऊ नये म्हणून सगळेच बदलतात."

हे खरं आहे. यूजीसीच्या 2018च्या वाङ्‌मयचौर्यविरोधी नियमांत साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी शिक्षा. त्यामुळे स्वतःच्या शब्दांत लिहिण्यापेक्षा दुसऱ्याच्या शब्दांचे कपडे बदलणं सोपं वाटू लागलं. हा रोग पेण-रोह्याचा नव्हे, जगाचा आहे. फ्रान्समधले गियोम काबानाक आणि सिरिल लाब्बे यांनी अलेक्झांडर मागाझिनोव्ह यांच्याबरोबर 2021 साली छापील संशोधनातून अशा शब्दांचा ढीग उपसला आणि त्यांना नाव दिलं 'टॉर्चर्ड फ्रेझेस', छळलेले शब्दप्रयोग. स्तनाच्या कर्करोगाचं तिथे 'बुझम पेरिल' झालं होतं, म्हणजे उरावरचं संकट. 'किडनी फेल्युअर'चं 'किडनी डिसअपॉइंटमेंट', म्हणजे मूत्रपिंडाचा हिरमोड. 'बिग डेटा'चं 'कलॉसल इन्फर्मेशन'. आणि हे छापून आलेलं! त्या तुलनेत आमची रबरी बुरशी बरीच सोज्वळ म्हणायची.

आता रोह्याकडे येतो. आमच्याकडे धाटावची एमआयडीसी, त्यामुळे इथले निबंध रसायनाचे. एक सर आहेत, आधी कारखान्यात होते, आता शिकवतात. हाताने अचूक, कागदावर 'गेट'ने पछाडलेले. दोष त्यांचाही नाही. आपली मराठी क्रियापदं आपापली कामं वाटून घेतात. माहिती मिळते, ताप येतो, रंग बदलतो, तापमान वाढतं, परवानगी दिली जाते. इंग्रजी बोलताना ही सगळी माणसं एकाच 'गेट'च्या टेम्पोत बसतात. सरांचा निबंध झिंक ऑक्साइडच्या पावडरीवर होता. त्यातला परिच्छेद असा: वुई गॉट व्हाइट पावडर. इट गॉट येलो ऑन हीटिंग. देन वुई गॉट इट वॉश्ड. दि यील्ड गॉट लेस. वुई गॉट परमिशन टु यूज दि इन्स्ट्रुमेंट.

परीक्षकाने पाचही 'गॉट'ना गोल केले. सरांनी सगळीकडे 'ऑब्टेन' घातला, आणि पांढऱ्या पावडरीने 'ऑब्टेन्ड येलो'. म्हणजे पावडर बाजारात गेली आणि पिवळा घेऊन आली.

मी त्यांना म्हटलं, "सर, इंग्रजी राहू दे. प्रत्येक वाक्यात नेमकं काय झालं ते मला मराठीत सांगा."

"पावडर मिळाली."

"म्हणजे तुम्ही केलीत, आणि शेवटी ती हाताला लागली. इथे 'वॉज ऑब्टेन्ड' अगदी बरोबर. रसायनात तो त्याच कामाचा शब्द आहे. पुढे?"

"तापवल्यावर पिवळी झाली."

"झाली म्हणजे राहिली पिवळी?"

"नाही हो! थंड झाली की परत पांढरी. झिंक ऑक्साइड तसंच करतं."

"मग हे निबंधात कुठे आहे?"

ते कुठेच नव्हतं. निबंधातली सर्वांत देखणी गोष्ट 'गॉट येलो'ने गिळली होती आणि 'ऑब्टेन्ड येलो'ने तिच्यावर झाकण ठेवलं होतं. वाक्य झालं: टर्न्ड येलो ऑन हीटिंग अँड रिव्हर्टेड टु व्हाइट ऑन कूलिंग. 'टर्न्ड' हा काही कोणाच्या उजव्या रकान्यातला शब्द नाही, साधा घरगुती आहे, पण तिथे तोच बसतो. धुण्याच्या वाक्यात 'गेट'ऐवजी दुसरं काही घालायचंच नव्हतं. 'वॉज वॉश्ड' पुरे, फक्त कशाने आणि किती वेळा ते हवं. उत्पादन कमी झालं तिथे 'डिक्रीझ्ड', आणि कितीवरून कितीवर ते. परवानगीचं वाक्य उलटं करायचं, कारण ती मिळाली यापेक्षा कोणी दिली याला महत्त्व. आणि निबंधात नको, शेवटच्या आभारात. पाच 'गॉट'ना पाच वेगळ्या वाटा फुटल्या, त्यांतल्या एकाच वाटेवर 'ऑब्टेन' होता.

यात घाई किती नडते याचा नमुना दुसऱ्या एका गृहस्थांनी दाखवला. त्यांनी कॉम्प्युटरला एकच हुकूम सोडला: सगळे 'गेट' काढ, 'ऑब्टेन' घाल. 'फक्त पूर्ण शब्द शोधा' या चौकटीत टिचकी मारायची राहिली. कॉम्प्युटर आज्ञाधारक. इंग्रजी स्पेलिंगात जिथे जिथे जी-ई-टी ही अक्षरं लागोपाठ सापडली तिथे त्याने काम केलं. 'बजेट'चं झालं 'बडऑब्टेन', 'टार्गेट'चं 'टारऑब्टेन', भाजीची झाली 'व्हेऑब्टेनेबल'. 'टुगेदर'चं जे 'टुऑब्टेनहर' झालं, ते अविवाहित गृहस्थांच्या निबंधात फारच सूचक वाटत होतं. विषय होता सहकारी पतसंस्था.

'लुक इन्टू'बद्दल फार बोलायला नको, कारण त्याचं खरं घर निबंध नाही, सरकारी टपाल आहे. 'प्लीज लुक इन्टू दि मॅटर' असं पत्र गेलं की पलीकडचा माणूस ते डाव्या ट्रेमधून उजव्या ट्रेमध्ये ठेवतो. मराठीत याला 'बघतो' म्हणतात, आणि कचेरीत कोणी 'बघतो' म्हणाला की शहाणा माणूस छत्री उचलून घरी जातो. निबंधातही नेमकी तीच शंका येते: बघितलं म्हणजे काय केलं? इथे पर्यायी शब्द कामानुसार येतो. पन्नास लोकांना तेच प्रश्न विचारले असतील तर 'सर्व्हेड'. हातातली कागदपत्रं, वह्या, नमुने निरखले असतील तर 'एक्झॅमिन्ड'. काय निघेल याचा अंदाज नसताना चाचपडला असाल तर 'एक्सप्लोअर्ड'. 'इन्व्हेस्टिगेटेड' लिहिलं तर एखाद्या गोष्टीचं कारण शोधायला पद्धतशीर माग काढला असं वचन दिलं जातं, आणि परीक्षक लगेच पद्धतीच्या प्रकरणात तो माग धुंडाळतो. भाचीने कारागिरांना कमी पैसे का मिळतात याचं कारण शोधलंच नव्हतं. किती मिळतात एवढंच विचारलं होतं. म्हणून तिला मी 'इन्व्हेस्टिगेट' काढायला लावला. तिला वाईट वाटलं. "मामा, फार छोटं दिसतंय आता." छोटं होतंच ते, पण खरं होतं.

या याद्यांचं मूळ कुठे आहे याची मला उत्सुकता होती. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली विद्यापीठीय लेखनातल्या 570 शब्दकुळांची यादी प्रसिद्ध केली. 'ऑब्टेन', 'इन्व्हेस्टिगेट', 'कन्सिडरेबल' तिच्यात आहेत. पण इंग्रजीतले सर्वाधिक वापराचे दोन हजार शब्द शिकणाऱ्याला येतातच असं धरून त्यांनी ते बाजूला ठेवले होते आणि पुढे काय शिकावं ते सांगितलं होतं. बाजूला ठेवलेले वापरू नका, असं त्या म्हणाल्या नव्हत्या. आपल्याकडे वाढपी पुढची पंगत वाढायला गेला की लोक समजतात भात संपला.

एका जागी तर डावा रकानाच ठेवावा लागतो. भाचीने एका आगरी कारागिराची मुलाखत घेतली होती. पैसे कधी मिळतील सांगता येत नाही, असं तो साधं बोलला होता. तिने अवतरणचिन्हांत लिहिलं: 'रेम्युनरेशन इज ऑब्टेन्ड विथ कन्सिडरेबल लेटन्सी.' कंबरेला पंचा गुंडाळून शाडू मळणाऱ्या माणसाच्या तोंडी हे! मुलाखतीतलं बोलणं हा पुरावा असतो. त्याचा 'गेट' काढणं म्हणजे पुराव्यात फेरफार. तिथे 'वुई डोन्ट नो व्हेन वुई विल गेट द मनी' हेच हवं, आणि विद्वत्ता दाखवायचीच तर अवतरणाच्या बाहेर दाखवावी.

शेवटी भाची पुन्हा हमरापूरला गेली, 'न्यूमरस'चा आकडा आणायला. मीही रोह्याहून गाडीने गेलो. कारखान्यात फळ्यांवर कच्च्या मूर्तींच्या रांगा, दोन मुली डोळ्यांची आखणी करत बसलेल्या. कारखानदाराला भाचीने विचारलं, "काका, यंदा किती मूर्ती?"

"लिहा की खूप."

"खूप नाही चालत. आकडा हवा."

त्यांनी कपाटावरून वही काढली. कुठल्या उंचीच्या किती, शाडूच्या किती, प्लास्टरच्या किती, कोणत्या गावच्या व्यापाऱ्याकडे गेल्या, आगाऊ रक्कम किती आली, बाकी किती. पान न् पान भरलेलं. "खूप सांगून कोण आगाऊ पैसे देतो?" ते म्हणाले. भाचीने एका तासात उतरवून घेतलं तेवढं तिला दोन वर्षांत मिळालं नव्हतं. मग वही मिटता मिटता काकांनी विचारलं, "आणि हे छापून आलं की तुम्हाला किती मिळतात?"

भाची माझ्याकडे बघायला लागली. मीच सांगितलं, "मिळत नाहीत हो. छापायचे आपणच द्यायचे."

"आधी की नंतर?"

"आधी. सगळे."

काका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग आतल्या मुलीला हाक मारून म्हणाले, "अगं, ताईंना चहा आण. यांचं आपल्यापेक्षा वाईट आहे."